हॉटेल बुकिंगच्या फोटोवरून अरबी प्रत: चेक-इन, रद्द करण्याचे नियम आणि बुकिंग क्रमांक अचूक कसे ठेवावेत

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत ओमान, येमेन आणि इराकमधून उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना रुग्णालयाच्या आसपास काही दिवसांसाठी हॉटेल लागते. खोली बऱ्याचदा मुंबईतला एखादा परिचित किंवा दुभाषा बुक करतो, हॉटेलचे पुष्टिपत्र इंग्रजीत येते, त्याचा मोबाइलवर फोटो काढला जातो आणि तो व्हॉट्सॲपवरून मस्कतला किंवा बसऱ्याला रवाना होतो. तिकडे विमानाची तिकिटे कधीची काढायची हे ज्या वडीलधाऱ्यांनी ठरवायचे असते त्यांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्या फोटोवरून अरबी प्रत करून देण्याचे काम कोणाकडे तरी येते. मुंबई-पुण्यात अरबी शिकलेल्या मराठी माणसाकडे अशी कामे नियमित येतात, आणि काम पानभराचे असल्यामुळे ते घाईत उरकले जाते.

या पानाचे वाचक दोन असतात, हे आधी लक्षात घ्यावे. मस्कतमधले कुटुंब अरबी मजकूर वाचून तारखा, पैसे आणि रद्द करण्याची मुदत समजून घेणार असते. आणि तेच पान पुढे अंधेरीतल्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवले जाते, तेव्हा तिथला कर्मचारी अरबीकडे न पाहता फक्त बुकिंग क्रमांक, पाहुण्याचे नाव आणि तारीख शोधतो. म्हणून पानावरच्या काही गोष्टी अरबीत न्यायच्या असतात आणि काही गोष्टी अक्षरशः उचलून तशाच ठेवायच्या असतात. कोणती गोष्ट कोणत्या बाजूची आहे हे भाषांतराला हात घालण्यापूर्वीच ठरवावे.

पुढील सर्व पायऱ्या एका नमुना पानावर दाखवल्या आहेत. हे पान समजावण्यासाठी रचलेले आहे: अंधेरी पूर्वेतले एक हॉटेल, दोन प्रौढ पाहुणे, १२ ऑगस्ट २०२६ ते १६ ऑगस्ट २०२६ अशा चार रात्री, खोलीचे भाडे रात्रीला ६,५०० रुपये, आणि बुकिंग क्रमांक `4827-KX-09`. पान मस्कतमधल्या कुटुंबासाठी अरबीत करायचे आहे. फोटोत कागदाची एक घडी चेक-आउटच्या तारखेवरून गेलेली आहे आणि एका कोपऱ्यावर ट्यूबलाइटची चमक आली आहे.

फोटो नीट मिळवणे

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. म्हणून पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगावे. तसा तो मूळ आकारात येतो. कागद सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, चारही कडा चौकटीत येतील असा फोटो हवा. पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतच रद्द करण्याचे नियम असतात आणि घाईत काढलेल्या फोटोत नेमका तोच भाग कापला जातो, त्यामुळे पान शेवटच्या ओळीपर्यंत आहे का हे पहिल्यांदा पाहावे. मागच्या बाजूला काही छापलेले आहे का, दुसरे पान आहे का, हेही विचारून घ्यावे. पुष्टिपत्र ई-मेलने आले असेल तर ती मेल पुढे पाठवण्याची विनंती करावी. मूळ मजकूर हाती असला की पुसट आकड्यांचा प्रश्नच उरत नाही.

मेल मिळत नसेल, तर फोटोवरूनच काम करावे लागते आणि तेव्हा क्रमांकातली एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे एकेक करून पाहावी लागतात: शून्य आणि `O`, एक आणि `I`, पाच आणि `S`, आठ आणि `B`, दोन आणि `Z`. फोनमध्ये चित्रातला मजकूर उचलण्याची सोय असते. ती वाक्यांसाठी उपयोगी पडते, पण बुकिंग क्रमांक तिने उचलला असेल तर तो फोटो मोठा करून डोळ्यांनी पुन्हा जुळवावा, कारण वाक्यात चुकलेले अक्षर अर्थावरून कळते आणि क्रमांकात चुकलेले अक्षर कशावरूनच कळत नाही.

मूळ मजकूर आधी उतरवून घेणे

फोटोकडे पाहत थेट अरबीत लिहू लागू नये. आधी संपूर्ण पान जसे आहे तसे, त्याच भाषेत, ओळींच्या त्याच क्रमाने टंकून घ्यावे. या वेळी जे वाचता येत नाही तिथे जागा मोकळी सोडून खूण करावी. पुढचे सगळे काम या उतरवलेल्या प्रतीवरून होते, त्यामुळे वाचनातली शंका आणि भाषांतरातली शंका एकमेकींत मिसळत नाहीत. टिपणे काढताना आकडे इंग्रजी लिपीतलेच ठेवावेत, देवनागरी नकोत. आपल्याला देवनागरी आकड्यांची सवय असते आणि देवनागरी शून्य हुबेहूब अरबी पाचासारखे दिसते, तर देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा. तीन लिप्यांचे आकडे एका कागदावर आले की थकलेली नजर हमखास फसते.

पुसट आकडा अंदाजाने भरू नये, पण पानावरच्याच दुसऱ्या माहितीवरून तो सिद्ध करता येत असेल तर अवश्य करावा. आपल्या नमुन्यात घडीमुळे चेक-आउटची तारीख १६ आहे की १८ हे दिसत नाही. त्याच ओळीत वार रविवार छापलेला आहे आणि १६ ऑगस्ट २०२६ हा रविवार आहे, तर १८ तारखेला मंगळवार येतो. शिवाय चेक-इन १२ तारखेला, बुधवारी आहे आणि रात्री चार लिहिल्या आहेत. बारा अधिक चार म्हणजे सोळा. तिसरा पुरावा पैशांचा: ६,५०० गुणिले चार म्हणजे २६,०००, कर १,३००, एकूण २७,३००, आणि पानावर हीच बेरीज आहे. तीन स्वतंत्र गोष्टी १६ कडेच बोट दाखवतात, तेव्हा १६ लिहायला हरकत नाही. बुकिंग क्रमांकाला असा कोणताही पुरावा नसतो. तिथे एक अक्षर जरी दिसले नाही तरी हॉटेलला किंवा बुकिंग करणाऱ्याला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत अरबी प्रतीत त्या जागी ‘वाचता येत नाही’ अशी चौकटी कंसातली नोंद ठेवावी:

```
[غير مقروء]
```

क्रमांक अरबी ओळीत उलटे का दिसतात

या कामातली सर्वांत घातक चूक टंकताना कुठेच होत नाही, ती पडद्यावर होते; म्हणून हा भाग सविस्तर पाहू. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, इंग्रजी अक्षरे डावीकडून उजवीकडे, आणि आकडे अरबीतही डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. एकाच ओळीत हे तिन्ही आले की कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे संगणक युनिकोडच्या ठरावीक नियमांनी ठरवतो. ते नियम असे आहेत की अरबी शब्दानंतर लगेच आलेला आकडा अरबी ओघाचा भाग मानला जातो, त्याच्या पुढची आडवी रेघ म्हणजे हायफन दुवा धरला जात नाही, आणि इंग्रजी अक्षरापासून नवा तुकडा सुरू होतो.

आता ‘बुकिंग क्रमांक’ हे अरबी शब्द लिहून त्यांच्यापुढे `4827-KX-09` टंकले, तर प्रत्येक चिन्ह बरोबर टंकलेले असूनही पडद्यावर आणि छापील कागदावर डोळ्यांना दिसते ते असे: `KX-09-4827`. कर्मचारी तेच वाचतो, तेच संगणकात घालतो, आणि बुकिंग सापडत नाही. क्रमांक इंग्रजी अक्षराने सुरू होत असेल, जसे `KX-4827-09`, तर तो सहसा शाबूत राहतो. आकड्याने सुरू होणारे आणि हायफन किंवा मोकळी जागा असलेले क्रमांक बिघडतात, त्यामुळे दूरध्वनी क्रमांकांचीही हीच गत होते: देशाचा `+91` हा भाग मागे जातो आणि अधिक चिन्ह भलत्याच टोकाला दिसते. तारीख `10-08-2026` अशी हायफनने लिहिली तर ती `2026-08-10` अशी दिसते. तिरक्या रेघेने लिहिलेली तारीख आणि अपूर्णविराम घातलेली वेळ मात्र बिघडत नाही, कारण ती चिन्हे दोन आकड्यांमध्ये आली की त्यांना त्याच संख्येचा भाग मानले जाते.

उपाय सोपा आहे. क्रमांकाच्या आधी आणि नंतर एक अदृश्य दिशाचिन्ह घालावे. त्याचा युनिकोड क्रमांक `U+200E` आहे. विंडोजवरच्या वर्डमध्ये `200E` टंकून, तेवढेच चार वर्ण निवडून `Alt+X` दाबले की ते जाऊन त्यांच्या जागी हे चिन्ह येते. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण क्रमांकाचे तुकडे आपल्या जागी बसतात. अरबी प्रत वेबपानाच्या किंवा एचटीएमएल मेलच्या रूपात द्यायची असेल तर क्रमांक असा गुंडाळावा:

```
<bdi dir="ltr">4827-KX-09</bdi>
```

तुकड्यांचा क्रम हाताने उलटा टंकून तो पडद्यावर ‘बरोबर दिसेल’ असे करू नये. काही जण तसे करतात आणि त्यांच्या फाइलमध्ये ते ठीक दिसतेही; पण तो क्रमांक कोणी कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की उलटा क्रमांकच जातो. माझा आग्रह असा असतो की अरबी ओळीतल्या क्रमांकाखेरीज तोच क्रमांक एका स्वतंत्र ओळीत, शेजारी एकही अरबी शब्द नसताना, पुन्हा द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना तर तो वेगळ्या संदेशात एकटाच पाठवावा, म्हणजे दिशेचा गोंधळ होत नाही आणि काउंटरवर तो सरळ दाखवता येतो.

क्रमांकातले आकडे अरबी लिपीतल्या आकड्यांत बदलू नयेत. आखाती देशांत आणि इराकमध्ये ते आकडे रोज वापरात आहेत, वाचकाला ते जवळचे वाटतील हे खरे. परंतु मुंबईतल्या काउंटरवर ते कोणाला वाचता येणार नाहीत, आणि त्यातला पाच शून्यासारखा व सहा उलट्या सातासारखा दिसतो. एकाच पानावर दोन प्रकारचे आकडे नकोत म्हणून मी तारखा, वेळा आणि रकमाही इंग्रजी आकड्यांतच ठेवतो. अरबी वाचकाला तेही वाचता येतात.

पानावर क्रमांक एकच असेल असे धरून चालू नये. बुकिंग संकेतस्थळाचा एक क्रमांक, हॉटेलने दिलेला पुष्टी क्रमांक वेगळा, आणि कधी बुकिंगमध्ये बदल करण्यासाठी लागणारा गुप्त पिनही त्याच पानावर असतो. मूळ पानावर ज्या क्रमांकाला जे नाव आहे त्याला अरबीतही तेच आणि सगळीकडे एकच नाव द्यावे:

```
رقم الحجز
رقم تأكيد الفندق
الرقم السري
```

यांतले पहिले नाव बुकिंग क्रमांकाचे, दुसरे हॉटेलच्या पुष्टी क्रमांकाचे आणि तिसरे पिनचे. पिन ज्याच्या हाती तो बुकिंग रद्दही करू शकतो, म्हणून अरबी प्रत नातेवाइकांच्या गटात फिरणार असेल तर पिन त्या पानावर ठेवू नये. ज्याने काम दिले त्याला तो स्वतंत्रपणे द्यावा आणि प्रतीत तशी नोंद करावी.

तारीख, वेळ आणि चेक-इन

महिना नेहमी शब्दांत लिहावा. मूळ पानावर `08/12/2026` असे असेल तर ती ८ डिसेंबर की १२ ऑगस्ट हे वार पाहून ठरवावे आणि अरबीत शब्दच लिहावा. मात्र महिन्यांची नावे अरब जगात सगळीकडे सारखी नाहीत. ओमान, आखातातले इतर देश आणि इजिप्त इथे ऑगस्टला ‘अघुस्तुस’ म्हणतात, तर इराक, सीरिया, लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये त्यालाच ‘आब’ म्हणतात. मस्कतच्या कुटुंबासाठी पहिले नाव पुरते. बसऱ्याच्या कुटुंबासाठी दुसरे हवे. आणि वाचक कुठला हे माहीत नसेल तर दोन्ही तिरक्या रेघेने जोडून द्यावीत:

```
آب / أغسطس
```

वेळेच्या बाबतीत चोवीस तासांची मूळ वेळ तशीच ठेवून कंसात रोजच्या बोलण्यातली वेळ द्यावी. अरबीत सकाळ आणि संध्याकाळ यांसाठी एकेका अक्षराची संक्षिप्त रूपे आहेत, पण ती इथे टाळावीत: संध्याकाळसाठी वापरले जाणारे ‘मीम’ हेच अक्षर इसवी सनाच्या वर्षानंतरही लावतात, आणि दुपारी बाराला ते लावले की दुपार की मध्यरात्र असा प्रश्न उभा राहतो. दुपारचे बारा असतील तर ‘दुपारी’ हा शब्द पूर्ण लिहावा.

चेक-इनच्या ओळीत वजन असते ते ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या शब्दांना. दोन वाजल्यापासून खोली मिळेल, आणि अकराच्या आत खोली सोडायची, ही दोन वेगळ्या जातींची बंधने आहेत. अरबीत नुसते ‘चेक-इन: १४:००’ आणि ‘चेक-आउट: ११:००’ असे लिहिले तर दोन्ही ठरलेल्या भेटीच्या वेळा वाटतात. म्हणून पूर्ण शब्दरचना वापरावी:

```
تسجيل الوصول: الأربعاء 12 أغسطس 2026،
ابتداءً من الساعة 14:00 (الثانية بعد الظهر)

تسجيل المغادرة: الأحد 16 أغسطس 2026،
في موعد أقصاه الساعة 11:00 صباحًا
```

पहिल्या नोंदीतले ‘इब्तिदाअन मिन’ म्हणजे ‘या वेळेपासून पुढे’, आणि दुसऱ्यातले ‘फी मौइद अक्साहु’ म्हणजे ‘जास्तीत जास्त या वेळेपर्यंत’. दुसऱ्या ठिकाणी नुसते ‘हत्ता’, म्हणजे ‘पर्यंत’, चालते. पण मुदत कडक आहे हे या लांब रचनेतून अधिक स्पष्ट होते.

लवकर चेक-इनबद्दल बहुतेक पानांवर एक ओळ असते: खोली उपलब्ध असेल तर लवकर देऊ. हे आश्वासन नाही, आणि अरबीतही ते आश्वासनासारखे वाचले जाता कामा नये:

```
تسجيل الوصول المبكر رهنٌ بتوفر الغرف
```

आखातातून येणारे विमान पहाटे मुंबईत उतरले, तर सोबत आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला दुपारी दोनपर्यंत थांबावे लागते. आणि विमान १२ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे १३ तारखेला पोहोचत असेल, तर १२ तारखेला पाहुणा आलाच नाही म्हणून हॉटेल बुकिंग सोडून देऊ शकते. भाषांतरकाराने मजकुरात बदल करायचा नसतो, परंतु काम देणाऱ्याला विमानाची वेळ विचारून ही गोष्ट वेगळ्या संदेशात कळवणे मी माझे कर्तव्य मानतो.

कागदपत्रांच्या ओळीत ‘वैध ओळखपत्र’ आणि परदेशी पाहुण्यांसाठी ‘मूळ पासपोर्ट व व्हिसा’ असे दोन भाग असतील तर दोन्ही घ्यावेत. त्यातला ‘मूळ’ हा शब्द गाळू नये. झेरॉक्स प्रत किंवा फोनमधला फोटो चालेल असा समज त्यातूनच होतो.

रद्द करण्याचे नियम

नमुना पानावरची मूळ कलमे अशी आहेत:

```
Free cancellation until 18:00 hrs IST on 10 Aug 2026.
Cancellations after this time and no-shows will be
charged one night's room rate.
No refund for early departure.
```

यांत तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत आणि अरबीतही त्या तीन वेगळ्या वाक्यांत राहाव्यात:

```
الإلغاء مجاني حتى الساعة 18:00 بتوقيت الهند
من يوم 10 أغسطس 2026.
عند الإلغاء بعد هذا الموعد أو عند عدم الحضور،
يُحتسب على الضيف سعر الغرفة لليلة واحدة.
لا يُسترد أي مبلغ عند المغادرة المبكرة.
```

पहिल्या वाक्यात ‘हत्ता’ आहे, म्हणजे १० तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत, तो दिवस धरून. तिथे ‘कब्ल’, म्हणजे ‘पूर्वी’, घातले आणि वेळ गाळली, तर ‘१० ऑगस्टपूर्वी’ असे होऊन मुदत ९ तारखेला संपते आणि कुटुंबाचा जवळजवळ एक दिवस जातो. याच्या उलट मूळ पानावर ‘पूर्वी’ असताना अरबीत ‘पर्यंत’ आले, तर ते लोक निर्धास्तपणे शेवटच्या दिवशी रद्द करतात आणि एका रात्रीचे पैसे भरतात. म्हणून मुदतीच्या वाक्यात वेळ, तारीख आणि कुठली वेळ हे तिन्ही घटक मूळ पानाप्रमाणे असलेच पाहिजेत. भारताची वेळ ओमानच्या दीड तास पुढे आहे, त्यामुळे मुंबईत सहा वाजतात तेव्हा मस्कतमध्ये साडेचार झालेले असतात. इराक अडीच तास मागे असल्याने बसऱ्यात तेव्हा साडेतीनच वाजलेले असतात. मुदत रूपांतरित करून मजकुरात घालू नये. मजकुरात भारतीय वेळ ठेवावी आणि हवी तर पानाच्या तळाशी, भाषांतरकाराची टीप असा स्पष्ट उल्लेख करून, मस्कतची वेळ द्यावी.

‘नो-शो’साठी ‘अदम अल-हुदूर’, म्हणजे न येणे, हा शब्द रूढ आहे. रद्द करणे आणि न येणे यांवर कधी सारखाच आकार असतो, कधी न आल्यास संपूर्ण मुक्कामाचे पैसे कापले जातात. त्यामुळे दोन्हींना मिळून ‘रद्द झाल्यास’ असे एकच शीर्षक देऊ नये.

पैसे परत न मिळणारे बुकिंग हा आणखी एक नाजूक भाग आहे. असे बुकिंग रद्द करता येते, फक्त पैसे मिळत नाहीत. आणि रद्द केल्याचे कळवले तर हॉटेल निदान खोली मोकळी करते. अरबीत यासाठी दोन रचना एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. पहिलीचा अर्थ ‘रक्कम परत मिळणार नाही’, दुसरीचा ‘बुकिंग रद्द करता येणार नाही’:

```
المبلغ غير قابل للاسترداد
الحجز غير قابل للإلغاء
```

मूळ पानावर पहिली गोष्ट असेल तर पहिलीच लिहावी. अनामत रकमेबाबतही अशीच सावधगिरी हवी. चेक-इनच्या वेळी घेतली जाणारी आणि जाताना परत मिळणारी अनामत ही ‘अरबून’ नव्हे. अरबी व्यवहारात अरबून म्हणजे इसारा, सौदा मोडणाऱ्या ग्राहकाने गमावायची रक्कम. परत मिळणाऱ्या अनामतीसाठी ‘मब्लग तअमीन मुस्तरद्द’ लिहावे. यातला ‘मुस्तरद्द’, म्हणजे परत मिळणारी, हा शब्द आवश्यक आहे, कारण नुसत्या ‘तअमीन’चा अर्थ विमा असाही होतो:

```
مبلغ تأمين مسترد
```

मूळ कलमातच संदिग्धता असेल तर ती आपण सोडवू नये. आपल्या नमुन्यात ‘एका रात्रीचे खोलीभाडे’ आकारले जाईल असे आहे, पण ते करासह की कराविना हे लिहिलेले नाही. म्हणजे ६,५०० की ६,८२५, हे पानावरून कळत नाही. अरबीत आकडा घालून वाक्य स्पष्ट करण्याचा मोह होतो, परंतु तो आकडा हॉटेलने दिलेला नसतो आणि पुढे वाद झाला तर कुटुंब आपलेच पान पुढे करते. मूळ जितके सांगते तितकेच सांगावे आणि काम देणाऱ्याला हॉटेलकडे लेखी विचारणा करायला सुचवावे.

रक्कम, नावे, पत्ता

रकमेसमोर ‘भारतीय रुपया’ असे पूर्ण लिहावे. ओमानी रियालाचे हजार बैसे होतात, त्यामुळे तिथे रक्कम तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याची पद्धत आहे. `27.300` म्हणजे तिथल्या माणसाला सव्वीस-सत्तावीस हजार नव्हे, सत्तावीस रियाल तीनशे बैसे. म्हणून हजाराची खूण स्वल्पविरामानेच करावी, आणि रक्कम लाखाच्या वर असेल तर आपल्या पद्धतीचे `1,24,500` हे `124,500` असे करावे. त्यात आकडे तेच राहतात, फक्त स्वल्पविराम सरकतो. पैसे भरले आहेत की हॉटेलात भरायचे आहेत हे पान ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत यावे. ‘एकूण’ एवढेच लिहून ते मोघम ठेवू नये.

रात्री आणि माणसे मोजताना अरबी व्याकरण दोनासाठी द्विवचन, तीन ते दहासाठी अनेकवचन आणि अकरापासून पुन्हा एकवचन मागते. पानभर हे सांभाळण्यापेक्षा ‘रात्रींची संख्या’ असे शीर्षक देऊन पुढे आकडा ठेवणे निर्धोक असते:

```
عدد الليالي: 4
عدد البالغين: 2
```

पाहुण्याचे नाव पासपोर्टवर रोमन लिपीत जसे आहे तसेच राहिले पाहिजे, कारण काउंटरवर ते पासपोर्टशी ताडून पाहिले जाते. अरबी रूप द्यायचे असेल तर ते कुटुंबाकडून मागून घ्यावे, रोमन अक्षरांवरून अंदाजाने लिहू नये. रोमनमधून अरबीत जाताना दीर्घ स्वर आणि कंठ्य अक्षरे कुठली हे ओळखता येत नाही. बुकिंगवरचे नाव पासपोर्टपेक्षा वेगळे दिसले तर ते अरबीत गुपचूप दुरुस्त न करता काम देणाऱ्याला लगेच कळवावे. हॉटेलचे नाव आणि पत्ता अरबीत उच्चारानुसार लिहून खाली मूळ रोमन पत्ता पूर्ण ठेवावा. अरबीत ‘प’ नाही आणि ‘ग’ वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिला जातो, त्यामुळे गोरेगाव किंवा परळ अरबीतून वाचून विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याला सांगता येत नाही. त्याला मूळ पत्ताच दाखवावा लागतो.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

प्रत तयार झाली की ती मूळ फोटोशी उलट दिशेने जुळवावी: अरबी पानावरचा प्रत्येक आकडा घ्यायचा आणि तो फोटोत कुठे आहे ते बोट ठेवून शोधायचे. फोटोत न सापडणारा आकडा अरबी पानावर असता कामा नये. त्यानंतर फोटोतला प्रत्येक आकडा अरबी पानावर आला आहे का ते पाहावे. बुकिंग क्रमांक दुसऱ्या कोणाला तरी अरबी पानावरून मोठ्याने वाचायला सांगावा आणि आपण फोटोत पाहत राहावे. क्रमांकाचे तुकडे उलटले असतील तर ते इथे ऐकू येते, आपण स्वतः पाहताना मात्र डोळा ओळखीचा क्रम गृहीत धरतो.

ही तपासणी संपादनाच्या खिडकीत न करता शेवटच्या पीडीएफवर करावी, आणि ती पीडीएफ एकदा फोनवर उघडून पाहावी. वर्डची फाइल पाठवू नये, कारण दुसऱ्या फोनवर ती वेगळ्या ॲपमध्ये उघडते आणि फॉन्टसह ओळींची दिशाही बदलू शकते. पीडीएफच्या पहिल्या पानावर अरबी प्रत आणि दुसऱ्या पानावर मूळ फोटो ठेवावा. अरबी पानाच्या माथ्यावर हे फोटोवरून केलेले भाषांतर आहे आणि मूळ इंग्रजी पुष्टिपत्रच ग्राह्य आहे, अशी एक ओळ अरबीत घालावी:

```
ترجمة عن صورة، والنص الإنجليزي الأصلي هو المعتمد
```

पाठवताना न वाचता आलेल्या जागा आणि मूळ कलमांतल्या शंका काम देणाऱ्याला त्याच संदेशात क्रमाने लिहून कळवाव्यात, आणि विनामूल्य रद्द करण्याची मुदत जवळ आली असेल तर ती तारीख व भारतीय वेळ त्या संदेशाच्या पहिल्या ओळीत द्यावी. हॉटेलने नंतर सुधारित पुष्टिपत्र पाठवले तर जुन्या प्रतीत खाडाखोड न करता नव्या फोटोवरून नवी प्रत करावी, तिच्यावर तारीख घालावी आणि जुनी प्रत काढून टाकण्यास कुटुंबाला सांगावे.